रिपोर्टात गती 55, शेरा ‘नॉर्मल’. मग आईची नस मनगटात दबलीय ती कशी?

निपाणीकर_पोरगा

नमस्कार मंडळी. आई 46 वर्षांची, निपाणीत गेली पंचवीस वर्षं घरी बसून बिड्या वळते. मांडीवर सूप, उजव्या हातात पानं कातरायची कात्री. वर्षभर उजव्या हाताच्या अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येतात. पहाटे तीनला उठून हात झटकत बसते. गेल्या आठवड्यात बेळगावला नेऊन करंट देऊन नसांची तपासणी केली.

रिपोर्टाच्या खाली लिहिलंय, उजव्या हाताला मध्यम स्वरूपाचा कार्पल टनेल, म्हणजे मनगटातल्या बोगद्यात नस दबलीय, डाव्या हाताला सौम्य. खरं आत एका ओळीत मीडियन नर्व्हची, म्हणजे अंगठ्याकडं जाणाऱ्या नसेची, मोटर गती 55.3 दिलीय आणि पुढं ‘नॉर्मल’. नस दबली असेल तर गती कमी यायला पाहिजे ना? डॉक्टरांना विचारायला गेलो तर गर्दी होती, ‘मनगटाला पट्टा लावा, पंधरा दिवसांनी या’ एवढंच म्हणाले. आई म्हणते, नॉर्मल असेल तर पट्टा कशाला, पट्ट्यानं बिडी वळता येत नाही.

उजव्या हाताचे आकडे देतो. मोटर म्हणजे स्नायूकडं जाणारे तंतू, सेन्सरी म्हणजे संवेदनेचे. लेटन्सी म्हणजे करंट पोचायला लागलेला वेळ, मिलिसेकंदात. अ‍ॅम्प्लिट्यूड म्हणजे उठलेल्या लाटेची उंची. अंतर मिलिमीटरमध्ये.
मीडियन मोटर, मनगटावर करंट: लेटन्सी 5.8, अ‍ॅम्प्लिट्यूड 6.1
मीडियन मोटर, कोपराजवळ करंट: लेटन्सी 9.6, अ‍ॅम्प्लिट्यूड 5.8, अंतर 210, गती 55.3
मीडियन सेन्सरी, मनगट ते तर्जनी: लेटन्सी 3.9, अ‍ॅम्प्लिट्यूड 9, अंतर 140, गती 35.9
अल्नर सेन्सरी, मनगट ते करंगळी: लेटन्सी 2.2, अ‍ॅम्प्लिट्यूड 28, अंतर 120, गती 54.5

डाव्या हाताला मीडियन मोटर लेटन्सी 4.1, सेन्सरी 3.0, गती 46.7, अ‍ॅम्प्लिट्यूड 19.

संकेश्वरचा_अण्णा

55 म्हणजे कमीच की! माझी उपाशीपोटी शुगर 55 आली होती तेव्हा घाम फुटून आडवा झालो होतो. आईंना गूळ-पाणी द्या आधी.

निपाणीकर_पोरगा

अण्णा, ही शुगर नव्हे. नसेतनं करंट किती वेगानं पळतो त्याची गती आहे, सेकंदाला 55 मीटर.

संकेश्वरचा_अण्णा

असं होय. मग चांगलंच पळतंय की. आमची बस एवढी पळत नाही.

फिजिओ_चिकोडी

मी चिकोडीत फिजिओथेरपी करतो. साधा नियम सांगतो. नसेवरचं वेष्टण खराब झालं की वेग कमी होतो आणि लेटन्सी वाढते. आतले तंतूच मेले की अ‍ॅम्प्लिट्यूड पडतं. इथं मोटर गती 55 आहे आणि अ‍ॅम्प्लिट्यूड 6 आहे, दोन्ही ठीक. म्हणून मला कार्पल टनेलपेक्षा मानेचा संशय येतो. मान खाली घालून पंचवीस वर्षं बिड्या वळल्या आहेत, सहाव्या मणक्याची नस दबली तरी अंगठा-तर्जनीलाच मुंग्या येतात. मानेचा एमआरआय करून घ्या.

लॅबवाली_ताई

फिजिओ, नियम बरोबर, निष्कर्ष चुकला. मी बेळगावात न्यूरोच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, बारा-तेरा वर्षं रोज हेच करते. पोरानं विचारलेला प्रश्न खरं तर फार चांगला आहे आणि तो बहुतेक नातेवाइकांना पडतो. सावकाश सांगते.

ही 55.3 गती मनगटातली नाहीच. ती कोपरापासून मनगटापर्यंतची, म्हणजे फक्त पुढच्या हाताची गती आहे.

अण्णांनी बस काढलीच आहे तर बसनंच सांगते. संकेश्वरहून बेळगावच्या स्टँडवर यायला समजा दीड तास लागला. दुसऱ्या दिवशी काकतीहून स्टँडवर यायला एक तास लागला, कारण गावात शिरताना तुंबलेला ट्रॅफिक. आता दीड तासातून एक तास वजा केला तर अर्धा तास उरतो. तो अर्धा तास कशाचा? संकेश्वर ते काकती या मोकळ्या हायवेचा. ट्रॅफिकमध्ये अडकलेला वेळ दोन्ही फेऱ्यांत सारखाच होता, त्यामुळे वजाबाकीत तो निघून गेला.

आईंच्या हातात तेच झालंय. करंट आधी मनगटावर, मग कोपराजवळ दिला आणि दोन्ही वेळा नोंद अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्नायूवर घेतली. कोपराहून 9.6 मिलिसेकंद, मनगटाहून 5.8. फरक 3.8. कोपर-मनगट अंतर 210 मिलिमीटर, त्याला 3.8 नं भागलं की 55.3. हिशोब बरोबर आहे आणि गती नॉर्मलच आहे, कारण कोपर ते मनगट या रस्त्यावर काही अडलेलं नाही. अडलंय ते मनगट ते अंगठा या शेवटच्या तुकड्यात, आणि त्याची खबर 5.8 मध्ये आहे. मनगटाहून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत साधारण 8 सेंटिमीटरला आमच्याकडं 4.2 पर्यंत नॉर्मल धरतात, काही लॅब 4.4 धरतात. 5.8 कुठल्याच लॅबमध्ये नॉर्मल नाही.

निपाणीकर_पोरगा

ताई, आता डोक्यात शिरलं. मग त्या शेवटच्या तुकड्याचीच गती का काढत नाहीत? 8 सेंटिमीटर भागिले 5.8 केलं की झालं.

लॅबवाली_ताई

करून बघ, सेकंदाला 14 मीटरच्या आसपास येईल. खरं तो आकडा खोटा. त्या 5.8 मध्ये नुसती नस धावत नाही. नसेची बारीक टोकं आहेत, तिथं करंट मंद चालतो. पुढं नसेकडून स्नायूला निरोप पोचायला जवळजवळ एक मिलिसेकंद जातो. निरोगी माणसाचाही आकडा असाच भागला तर हास्यास्पद कमी गती येईल. म्हणून मोटरच्या शेवटच्या तुकड्याला आम्ही गती लावत नाही, लेटन्सी जशीच्या तशी वाचतो.

सेन्सरीत ही भानगड नाही, कारण मध्ये स्नायू नाही. मनगटावर करंट, तर्जनीवर नोंद घेणारी कडी, सगळी नसच नस. तिथं 140 भागिले 3.9 म्हणजे 35.9 ही खरी गती. ती 50 च्या वर पाहिजे होती.

आणि ही 35.9 सुद्धा सरासरी आहे. त्या 14 सेंटिमीटरपैकी दबलेला भाग दोन-तीन सेंटिमीटरचा, बाकीचा रस्ता बरा. समजा तळहाताच्या मध्यापासून बोटापर्यंतचे 70 मिलिमीटर करंट 50 च्या गतीनं गेला, तर त्याला 1.4 मिलिसेकंद लागले. उरले 2.5. मग मनगट ते तळहात या 70 मिलिमीटरची गती झाली 28. दबलेली जागा जितकी नेमकी पकडाल तितका आकडा वाईट दिसतो. लांब अंतर घेतलं तर सौम्य आजार सरासरीत विरघळून जातो.

फिजिओ_चिकोडी

मान्य, मोटर गतीचं मी घाईत बोललो. पण मानेचं? सेन्सरी 35.9 मानेमुळं येऊ शकत नाही का?

खानापूरचा_डॉक्टर

नाही. मी जनरल प्रॅक्टिस करतो, पण एवढं पक्कं शिकलोय. संवेदनेच्या तंतूंची मूळ पेशी मज्जारज्जूच्या बाहेरच्या गाठीत असते. मानेत नस सहसा त्या गाठीच्या आधी, मज्जारज्जूच्या बाजूला दबते. मूळ पेशी आणि तिथून बोटापर्यंतचा तंतू शाबूत राहतो. म्हणून रुग्णाला बोट बधिर वाटतं, पण मशीनवर सेन्सरी चांगली येते. इथं सेन्सरी मंद आहे, अ‍ॅम्प्लिट्यूडही 9 म्हणजे निम्म्याहून कमी. हे मानेतून होत नाही. अर्थात मान आणि मनगट दोन्ही बिघडलेली माणसंही असतात. मान दुखत असेल तर वेगळी तपासावी, एवढंच.

माझी शंका वेगळी आहे. निपाणीहून पहाटेची बस, थंडीचे दिवस, खिडकीशी बसून आलेली बाई. हात गार असेल तर लेटन्सी आपोआप वाढते. रिपोर्टात हाताचं तापमान लिहिलंय का?

निपाणीकर_पोरगा

तापमानाची जागा कोरी आहे डॉक्टर. आणि हो, सहाच्या बसनं गेलो होतो, हुडहुडी भरली होती. पोचल्यावर लगेच आत घेतलं. म्हणजे सगळं पाण्यात?

लॅबवाली_ताई

पाण्यात नाही, पण डॉक्टरांनी बोट बरोबर ठेवलंय. तापमान न लिहिणं ही चूकच. हात 32 अंशांच्या खाली असला की आम्ही गरम पाण्याची पिशवी लावतो, पंधरा-वीस मिनिटं जातात, बाहेर रांग ओरडत असते. दर अंशाला गती साधारण दोन मीटरनं उतरते आणि लेटन्सी 0.2 नं वाढते. तीन अंश गार हात म्हणजे 0.6 चा फरक. सौम्य केसमध्ये एवढ्यानं निदान पलटतं.

पण आईंच्या रिपोर्टातच उत्तर आहे. करंगळीची अल्नर बघा. तोच हात, तीच थंडी, तरी गती 54.5. थंडीला मीडियन कोण आणि अल्नर कोण हे कळत नाही, ती दोघींनाही मंद करते. शिवाय थंडीत सेन्सरीचं अ‍ॅम्प्लिट्यूड वाढतं, कमी होत नाही. इथं ते 9 वर आलंय. म्हणून उजव्या हाताचं निदान मला पटतं. करंगळीच्या नसेला बाजूच्या दुसऱ्या वाटेनं यायचं असतं, ती कार्पल टनेलमधून जात नाही. म्हणूनच ती तुलनेला घ्यायची.

डाव्या हाताबद्दल मात्र मी एवढ्या ठामपणे बोलणार नाही. 46.7 ही गती गार हातामुळंही येऊ शकते. डाव्या हाताची अल्नर केलीय का?

निपाणीकर_पोरगा

नाही दिसत. डाव्याचे मीडियनचेच आकडे आहेत.

लॅबवाली_ताई

मग डावा हात अर्धवट राहिला. तिथं अनामिकेची चाचणी करायला पाहिजे होती. त्या बोटाला अर्धी मीडियन जाते, अर्धी अल्नर. एकाच बोटावर कडी ठेवून, मनगटावर सारख्याच अंतरावरून आधी एकीला, मग दुसरीला करंट द्यायचा. दोघींत अर्ध्या मिलिसेकंदाहून जास्त फरक आला तर मीडियन अडलीय. बोट तेच, तापमान तेच, अंतर तेच, बाईचं वय तेच. सौम्य केसमध्ये इतकी भरवशाची तुलना दुसरी नाही. पुढच्या वेळी मागून घे.

शहापूर_माग

ताई, मी शहापूरची, घरात यंत्रमाग. माझ्या सासूबाईंचा रिपोर्ट वर्षापूर्वीचा काढून बघितला हा धागा वाचून. त्यात मीडियन मोटर गती 86 लिवल्या! मनगटाला 6.8, कोपराला 9.3, अंतर 215. अंगठ्याखालचं मांस तर वाळून खळगा पडलाय, सुईत दोरा ओवता येत न्हाई. वाळलेल्या हाताची गती एवढी जास्त? मशीन बिघडलं होतं काय की. आम्ही त्या भरवशावर ऑपरेशन पुढं ढकललं.

फिजिओ_चिकोडी

86 अशक्य. अंतर मोजताना टेप चुकला असणार किंवा लेटन्सीची खूण चुकीच्या जागी पडली असणार. मशीन आपोआप खुणा टाकतं, कोणी बघत नाही.

लॅबवाली_ताई

फिजिओ, खुणेची शक्यता खरी आहे, मशीनवर आंधळा विश्वास ठेवणारे आहेत. पण इथं दुसरीच गंमत वाटते. ताई, ट्रेसिंगचा कागद आहे का? दोन लाटा एकाखाली एक असतील. खालची, कोपराची लाट सुरू होताना आधी थोडी खाली बुडी मारते आणि मग वर चढते का? आणि दोन्ही लाटांची उंची सांगा.

शहापूर_माग

आहे कागद. वरची लाट सरळ रेषेतनं वर चढल्या. खालची आधी वाटीसारखी खाली गेल्या, मग वर. उंची वरच्या लाटेला 3.2, खालच्या लाटेला 4.1.

लॅबवाली_ताई

हाच तो प्रकार. मशीन बिघडलेलं नव्हतं.

काही माणसांत जन्मतःच मीडियनचे थोडे तंतू कोपराच्या खाली पुढच्या हातात अल्नरमध्ये उडी मारतात आणि अल्नरबरोबर तळहातात येतात. फार दुर्मीळ नाही, आमच्याकडं दर महिन्याला दिसतं. एरवी त्यानं काही बिघडत नाही. पण कार्पल टनेल असला की हिशोब फसतो.

बसकडं परत या. संकेश्वरहून सुटलेल्या प्रवाशांपैकी काही जण यमकनमर्डीला उतरून दुसऱ्या रस्त्यानं, गावातला ट्रॅफिक चुकवून आधीच पोचले. आम्ही घड्याळ पहिल्या पोचलेल्याचं लावतो. म्हणून संकेश्वरची वेळ कमी भरते. काकतीहून निघालेले मात्र सगळे ट्रॅफिकमध्येच अडकतात, त्यांची वेळ जास्त. आता संकेश्वरच्या कमी भरलेल्या वेळेतून काकतीची वाढलेली वेळ वजा करायचीय, फरक अगदी थोडा उरतो. सासूबाईंचा फरक 2.5 उरला, आणि 215 भागिले 2.5 म्हणजे 86. मनगट जितकं जास्त दबेल तितकी ही गती आणखी चढेल. म्हणजे तो आकडा नस चांगली असल्याचा नाहीच, मनगटात फार अडलंय याची ती खूण आहे.

दोन गोष्टी याला दुजोरा देतात. ती वाटीसारखी बुडी, कारण आडवाटेनं आलेले तंतू आधी अल्नरच्या स्नायूंना हलवतात आणि ते स्नायू आमच्या नोंद घेणाऱ्या पट्टीपासून लांब असतात. आणि कोपराची लाट मनगटाच्या लाटेहून मोठी आहे. एरवी कोपराची थोडी लहान यायची, आईंची बघा, 6.1 ची 5.8 झाली.

शहापूर_माग

म्हणजे आम्ही उलटं वाचलो. वर्ष गेलं.

खानापूरचा_डॉक्टर

ताई, उलटं फक्त तुम्ही वाचलं नाही. रिपोर्टावर गतीपुढं ‘नॉर्मलपेक्षा कमी नाही’ अशी आपोआप छापलेली ओळ असते, ती वाचून कोणीही निवांत होईल. पण 6.8 आणि 3.2 या दोन आकड्यांकडं आणि त्या खळग्याकडं बघून आता थांबू नका. अंगठ्याच्या स्नायूचं अ‍ॅम्प्लिट्यूड 4 च्या खाली आहे, स्नायू वाळलाय. हे नुसतं वेष्टण बिघडल्याचं चित्र नाही.

फिजिओ_चिकोडी

अ‍ॅम्प्लिट्यूड कमी म्हणजे तंतू मेले, बरोबर ना? मग आता ऑपरेशननं काय परत येणार? मेलेले मेले.

लॅबवाली_ताई

हे ठरवून बोलू नका फिजिओ. मनगटावर करंट देऊन अ‍ॅम्प्लिट्यूड कमी आलं तर दोन अर्थ निघतात. एक, तंतू मेलेत. दोन, तंतू जिवंत आहेत पण दबलेल्या जागी निरोप अडतोय, पुढं जात नाही. हे वेगळं करायला टनेलच्या पुढं, तळहातातच करंट द्यावा लागतो. तिथून लाट मोठी आली तर तंतू जिवंत आहेत, वाट मोकळी केली की सुधारायची आशा चांगली. तिथूनही लहानच आली तर तंतू गेलेत. तळहातात करंट देणं किचकट आहे, जोरात दिला की शेजारच्या अल्नरला लागतो आणि लाट खोटीच मोठी दिसते. म्हणून बऱ्याच ठिकाणी करतच नाहीत. सासूबाईंच्या बाबतीत स्नायू डोळ्यांना वाळलेला दिसतोय, तिथं तंतू गेल्याची शक्यता जास्त. पण सगळे गेलेत असं मी कागदावरून म्हणणार नाही. सुई घालून स्नायूची तपासणी केली तर जास्त कळेल.

निपाणीकर_पोरगा

आणि आईचं सेन्सरी अ‍ॅम्प्लिट्यूड 9? तेही तंतू गेल्याचं?

लॅबवाली_ताई

असेलच असं नाही. सेन्सरीत आणखी एक कारण असतं. काही तंतू लवकर पोचतात, काही अडखळत उशिरा. सगळे एकदम पोचले तर लाट उंच, मागंपुढं पोचले तर लाट बसकी आणि पसरट. आईंच्या कागदावर तर्जनीची लाट करंगळीच्या लाटेपेक्षा रुंद दिसते का बघ. सेन्सरीच्या कागदावर सहसा एक घर म्हणजे एक मिलिसेकंद, मोटरच्या कागदावर दोन. आधी कोपऱ्यात लिहिलेलं बघ, नाहीतर घोटाळा होईल. लाट रेषेपासून जिथं पहिल्यांदा उठते तिथून मोज, शिखरापासून नको. आईंची गती उठण्याच्या जागेवरून काढलीय.

मोटरचं अ‍ॅम्प्लिट्यूड अजून 6 आहे, म्हणजे अंगठ्याचे तंतू टिकलेत. म्हणूनच ‘मध्यम’ लिहिलंय. ही पट्टा लावून बघायची वेळ आहे.

निपाणीकर_पोरगा

कागद काढला. तर्जनीची लाट चौथं घर संपता संपता उठते, बसकी आणि रुंद आहे. करंगळीची दुसऱ्या घराच्या जरा पुढं, अगदी टोकदार. आईला पण दाखवलं. ती म्हणाली, ही करंगळीची लाट घट्ट वळलेल्या बिडीसारखी, ही तर्जनीची म्हणजे कडक पानाची सुटलेली बिडी.

संकेश्वरचा_अण्णा

एक विचारतो. माझ्या हातालाही मुंग्या येतात, आकडे मात्र सगळे नॉर्मल आले. म्हणजे मला काही झालं नाही ना?

खानापूरचा_डॉक्टर

अण्णा, तसं म्हणता येत नाही. ही तपासणी जाड, वेगवान तंतूंचंच बोलते. रात्री मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, तरी आकडे नॉर्मल, असे रुग्ण मी पाहिलेत आणि ते पट्ट्यानं बरेही झालेत. तुम्हाला शुगर आहे ना? मग दोन्ही हातांची अल्नरसुद्धा मंद आहे का ते बघायला पाहिजे. रिपोर्ट टाका.

संकेश्वरचा_अण्णा

रिपोर्ट घरात कुठंतरी मिरचीच्या पोत्यात गेलाय, शोधतो.

फिजिओ_चिकोडी

निपाणीकर, पट्टा फक्त रात्री लावला तरी चालतो, मनगट सरळ राहील असा. दिवसा बिडी वळताना नको. आईला ते पटेल. मध्यम केसला सहा आठवडे बघून मग सुई-इंजेक्शन की ऑपरेशन यावर माझं आणि इथल्या सर्जन लोकांचं कधीच जमत नाही, मी थांबायच्या बाजूचा.

खानापूरचा_डॉक्टर

आणि मी लवकर करायच्या बाजूचा, विशेषतः बाई रोज हजार बिड्या वळत असेल तर. वाट बघायची असेल तर निदान मोटरची लेटन्सी आणि उंची चार-सहा महिन्यांनी परत मोजा, हात गरम करून, त्याच लॅबमध्ये.

शहापूर_माग

लॅबवाली ताई, सासूबाईंना परवा परत घेऊन येतो. तळहातात करंट द्या म्हणून चिठ्ठीवर लिहून आणायला लागतंय की तोंडी सांगितलं तरी करत्यात?

लॅबवाली_ताई

डॉक्टरांकडून लिहून आणा. आणि जुन्या लाटांचा कागद विसरू नका, नुसते आकडे नकोत. सकाळी दहानंतर या, हात गरम असतील.